हप्ता तोच, मग कर्ज फिटणार कधी? लॉगॅरिदमने महिने काढायची रीत

एप्रिल २०२३ संपता संपता माझा मावसभाऊ गृहकर्जाचा उतारा घेऊन घरी आला. दोन वर्षांपूर्वी त्याने ३० लाखांचं कर्ज घेतलं होतं. मुदत वीस वर्षं, व्याज ७ टक्के, हप्ता २३,२५९ रुपये. मधल्या काळात, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला होता. त्याचं कर्ज रेपोला जोडलेलं, त्यामुळे त्याचा दरही अडीच टक्क्यांनी चढून ९.५ झाला होता.

“पण हप्ता तोच आहे, दादा,” तो म्हणाला. “मग काळजीचं काही नाही ना?”

हप्ता तोच आणि व्याज जास्त, तर फरक कुठेतरी पडणारच. तो मुदतीत पडतो. कर्ज फिटायला आता किती महिने लागतील, हा त्याचा खरा प्रश्न होता. चक्रवाढीच्या सूत्रात हे महिने घातांकाच्या जागी बसलेले असतात. दर, हप्ता, शिल्लक सगळं माहीत असतं आणि नेमका डोक्यावरचा तो छोटा आकडा माहीत नसतो. तो खाली उतरवायला लॉगॅरिदम लागतो. शाळेत लॉग टेबल पाहिलेल्या, पण तेव्हापासून त्याच्याकडे न फिरकलेल्या माणसालाही जमेल अशा क्रमाने ही रीत सांगतो.

आधी एकरकमी ठेव

पोस्टातलं किसान विकास पत्र घ्या. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर ७.५ टक्के व्याज आहे आणि रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते असं पोस्ट सांगतं. हे ११५ आले कुठून?

व्याज वर्षाला एकदा मुद्दलात मिसळतं, म्हणजे दर वर्षी रक्कम १.०७५ पट होते. n वर्षांनी ती १.०७५ चा n वा घात इतकी पट होईल आणि आपल्याला ती २ पट हवी आहे. लॉगचा एकच गुण इथे कामाचा आहे: घाताचा लॉग घेतला की घातांक खाली उतरून गुणक होतो. म्हणून

```
1.075^n = 2
n × log(1.075) = log(2)
n = log(2) / log(1.075) = 0.30103 / 0.0314085 = 9.584
```

९.५८४ वर्षं गुणिले १२, म्हणजे ११५ महिने. पोस्टाचा आकडा तंतोतंत आला.

कॅल्क्युलेटरवर `log` वापरा किंवा `ln`, उत्तर एकच येतं, फक्त वर-खाली तेच बटण हवं. भागाकार दोन लॉगचा करायचा आहे, आधी २ ला १.०७५ ने भागून त्याचा लॉग घ्यायचा नाही. घाईत ही चूक फार होते. उत्तर ०.२७ असं काही आलं की समजावं, कंस चुकीच्या जागी पडला.

आणखी एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. मी ७.५ ला १२ ने भागून महिन्याचा दर ०.६२५ टक्के घेतला असता तर उत्तर १११ महिने आलं असतं. चार महिन्यांचा फरक, कारण मग व्याज दरमहा चढतंय असं धरल्यासारखं होतं. व्याज ज्या काळाने मुद्दलात मिसळतं, तोच काळ एकक म्हणून घ्यायचा. इथे तो वर्ष आहे, बँकांच्या मुदतठेवीत बहुधा तिमाही, गृहकर्जाच्या हप्त्यात महिना. n चं उत्तरही त्याच एककात येतं.

दरमहा भर घालत असाल तर

आता ठेव एकदम न ठेवता दर महिन्याच्या शेवटी ५,००० रुपये टाकायचे आणि १० लाख जमवायचे आहेत. वर्षाला ७ टक्के, व्याज दरमहा चढतं असं धरू. महिन्याचा दर ०.५८३३ टक्के.

पुस्तकात याचं लांबलचक सूत्र असतं. मी ते पाठ करायला सांगत नाही, कारण आतली गोष्ट साधी आहे. खात्यात दर महिन्याला पडणाऱ्या एकूण भरीकडे पाहा, म्हणजे तुमचे पैसे अधिक त्या महिन्याचं व्याज. पहिल्या महिन्याची भर ५,०००. दुसऱ्या महिन्यात त्या ५,००० वर २९.१७ व्याज, म्हणून भर ५,०२९.१७. तिसऱ्या महिन्यात ५,०५८.५०. आधीच्या भरीला १.००५८३३ ने गुणलं की पुढची भर येते. म्हणजे ही भर किसान विकास पत्रातल्या रकमेसारखीच वाढते आहे, दर महिन्याला ठरावीक पटीने.

मग १० लाख झाल्यावर भर किती असेल? दहा लाखांवर महिन्याचं व्याज ५,८३३ आणि तुमचे ५,०००, मिळून १०,८३३. सुरुवात ५,००० पासून, शेवट १०,८३३ वर, म्हणजे २.१६६७ पट. प्रश्न परत तोच झाला: दरमहा १.००५८३३ पट वाढणारी गोष्ट २.१६६७ पट व्हायला किती महिने?

```
n = log(2.16667) / log(1.00583333) = 132.93
```

१३३ महिने, अकरा वर्षं आणि एक महिना. व्याज नसतं तर २०० महिने लागले असते. बँकेच्या आवर्ती ठेवीत व्याज तिमाहीने चढतं, त्यामुळे उत्तर एखाद्या महिन्याने पुढे सरकतं.

शेवटची भर भागिले पहिली भर, आणि ही पट गाठायला किती महिने. कर्जालाही हेच लागू पडतं.

कर्जात पाहायची गोष्ट: हप्त्यातलं मुद्दल

मावसभावाच्या कर्जाचा दर खरं तर टप्प्याटप्प्याने चढला. हिशोब स्वच्छ राहावा म्हणून मी पहिले २४ हप्ते ७ टक्क्यांनीच गेले असं धरलं. तसं धरलं की शिल्लक २८,५२,००० च्या आसपास येते. तोच आकडा घेऊ.

आधी जुन्या दराने पडताळा. २८,५२,००० वर ७ टक्क्यांनी महिन्याचं व्याज १६,६३७. हप्ता २३,२५९. उरलेले ६,६२२ रुपये मुद्दलात जातात. पुढच्या महिन्यात शिल्लक ६,६२२ ने कमी, म्हणून व्याज थोडं कमी, आणि तेवढंच मुद्दल जास्त फिटतं. इथेही मुद्दलाचा वाटा दर महिन्याला १.००५८३३ पट होत जातो. कर्ज पूर्ण फिटलं आणि चुकून आणखी एक हप्ता भरला तर त्यात व्याज शून्य असेल, सगळाच्या सगळा हप्ता मुद्दल. म्हणजे मुद्दलाचा वाटा ६,६२२ पासून निघून २३,२५९ पर्यंत पोहोचला की कर्ज संपलं. पट किती? ३.५१२२.

```
n = log(3.5122) / log(1.00583333) = 0.54558 / 0.00252602 = 215.98
```

२१६ महिने. २४० पैकी २४ भरले, २१६ उरले, हिशोब जुळला. नवा दर घालण्याआधी जुन्या दराने असा पडताळा जरूर करा. तो जुळला नाही तर शिल्लक, हप्ता किंवा दर यातलं काहीतरी चुकीचं उतरवलं आहे, हे तिथेच कळतं.

आता ९.५ टक्के. पायऱ्या मी त्याच्याकडूनच करून घेतल्या, वहीवर.

पहिली पायरी, महिन्याचा दर: ०.०९५ भागिले १२, म्हणजे ०.००७९१६६७. हा आकडा छाटू नका, का ते पुढे सांगतो.

दुसरी, या महिन्याचं व्याज: २८,५२,००० गुणिले तो दर, २२,५७८ रुपये.

तिसरी, हप्त्यातलं मुद्दल: २३,२५९ वजा २२,५७८. त्याने वजाबाकी केली, परत केली, आणि माझ्याकडे पाहिलं. “सहाशे एक्याऐंशी?”

होय. तेवीस हजारांच्या हप्त्यातले फक्त ६८१ रुपये कर्ज कमी करत होते.

चौथी, पट: २३,२५९ ला ६८०.६७ ने भागायचं, ३४.१७. रुपयांपुढचे पैसेही धरले तर उत्तर बरोबर येतं, म्हणून इथे मी नुसते रुपये घेतले नाहीत. पाचवी पायरी, लॉग:

```
n = log(34.17) / log(1.00791667) = 1.53365 / 0.00342463 = 447.8
```

४४८ महिने. सदतीस वर्षं चार महिने. मे २०२३ पासून मोजलं तर शेवटचा हप्ता एप्रिल २०४१ ऐवजी ऑगस्ट २०६० मध्ये. हिशोब मांडत होतो तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. जुन्या दराने उरलेले हप्ते मिळून सुमारे ५० लाख भरायचे होते, आता ते १ कोटी ४ लाख झाले. आणि हप्त्याचा आकडा तसूभरही हललेला नव्हता.

अपूर्णांकाचं काय? ४४७.८ म्हणजे ४४७ पूर्ण हप्ते आणि ४४८ वा थोडा कमी रकमेचा. म्हणून उत्तर नेहमी वर न्यायचं, ४४७.२ आलं तरी हप्ते ४४८ च.

अर्धा टक्का सगळीकडे सारखा नसतो

दर अडीच टक्के चढला की मुदत साधारण तेवढ्याच प्रमाणात वाढेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याच शिल्लकीवर, त्याच हप्त्याने, वेगवेगळ्या दरांनी महिने काढून पाहिले की हा समज गळून पडतो. ७ टक्क्यांना २१६. ८ ला २५६. साडेआठला २८८. नऊला ३३८. साडेनऊला ४४८. पावणेदहाला ६९२, म्हणजे जवळजवळ ५८ वर्षं. आठवरून साडेआठला गेलो तर ३२ महिने वाढले, नऊवरून साडेनऊला गेलो तर ११०.

कारण चौथ्या पायरीत आहे. पट काढताना खाली असतं हप्त्यातलं मुद्दल. ते शून्याकडे सरकू लागलं की पट भराभर फुगते. दर ९.७९ टक्क्यांच्या जवळ गेला की २८,५२,००० वरचं व्याजच २३,२५९ होतं. मुद्दल शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. त्याच्याही वर, १० टक्क्यांना, हप्त्यातून व्याजसुद्धा भागत नाही. वजाबाकी ऋण येते, ऋण संख्येचा लॉग नसतो आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो.

त्या एररला बटणाचा दोष समजू नका. तो खरं उत्तर देतो आहे: या हप्त्याने हे कर्ज कधीच फिटणार नाही, उलट दर महिन्याला शिल्लक वाढत जाईल. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं की मुदत वाढवताना ही वेळ येऊ देऊ नये, आणि दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. पर्याय मिळाला तरी निवडायचं कशाच्या आधारावर? मला हा हिशोब प्रत्येक कर्जदाराला यावा असं वाटतं ते याचसाठी. शाखेत टेबलाशी बसल्यावर “मुदत थोडी वाढेल” या वाक्यातलं “थोडी” किती, ते तुम्हाला स्वतःला काढता आलं पाहिजे.

हाच हिशोब उलट दिशेने

जी गोष्ट मुदत इतकी ताणते, तीच ती तितक्याच झपाट्याने आवळतेही. हप्ता फक्त १,००० ने वाढवला, २४,२५९ केला, तर मुद्दलात ६८१ ऐवजी १,६८१ जातात. पट ३४.१७ वरून १४.४३ वर येते आणि महिने ४४८ वरून ३३९. हजार रुपयांत १०९ महिने वाचले. आणखी हजार वाढवले तर २८५, म्हणजे ५४ महिने आणखी. तिसऱ्या हजाराला २५०. पहिल्या हजाराची ताकद पुढच्या हजारांत राहत नाही, म्हणून सगळा हप्ता परवडत नसला तरी थोडा तरी वाढवण्यात अर्थ आहे. मूळ २१६ महिने कायम ठेवायचे तर हप्ता २७,६०५ करावा लागतो.

हप्ता न वाढवता हातातले एक लाख एकदम भरले तर? शिल्लक २७,५२,०००, व्याज २१,७८७, मुद्दल १,४७२, महिने ३५०. म्हणजे एकरकमी लाखाचा परिणाम दरमहा हजार वाढवण्याच्या जवळपास. पण रक्कम भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असं लेखी सांगावं लागतं. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून दिला तर ही बचत पदरात पडत नाही.

आकडे कुठे घसरतात

दर छाटू नका असं वर म्हटलं त्याचं कारण हे. १.००७९१६६७ ऐवजी कोणी १.०१ घेतलं तर उत्तर ३५५ महिने येतं. चक्क ९३ महिने गायब. १.००८ घेतलं तरी ४४४ येतं. पट थोडी इकडेतिकडे झाली तर फारसं बिघडत नाही, पण भागाकारात खाली बसलेला लॉग इतका लहान आहे की त्यातला चौथ्या-पाचव्या दशांशाचा फरक महिन्यांत दिसतो. शाळेतलं चार अंकी लॉग टेबलही म्हणूनच इथे पुरत नाही. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर `log` आणि `ln` ची बटणं दिसतात, ती वापरा आणि दरासाठी आठ दशांश ठेवा.

स्प्रेडशीटमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे:

```
=NPER(0.095/12, -23259, 2852000)
```

याचं उत्तर ४४७.८३ येतं. हप्ता तुमच्याकडून जातो म्हणून ऋण, कर्ज तुमच्याकडे येतं म्हणून धन. हप्त्याचं वजा चिन्ह विसरलात तर −८६.०३ असं विचित्र उत्तर दिसेल. उणे महिने दिसले की चिन्ह तपासा. `#NUM!` दिसलं तर वरची गोष्ट घडली आहे, हप्ता व्याजाला पुरत नाही, किंवा तुम्ही १२ ने भागायचं विसरून वर्षाचा दर महिन्याला लावला आहे. दोन्हींत परिणाम एकच असल्याने आधी दर पाहावा, मग घाबरावं.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. हे ४४८ “दर ९.५ वरच राहिला तर” या अटीवरचे आहेत. तरत्या दरात तो बदलणारच. प्रत्येक बदलाला नवी शिल्लक घेऊन पाच पायऱ्या परत करायच्या. दर उतरला आणि हप्ता तोच ठेवला तर हाच हिशोब महिने किती कमी झाले ते सांगतो.

मावसभावाने त्या संध्याकाळी वहीत तीन-चार जोड्या मांडून पाहिल्या. २७,६०५ त्याला जड जात होते. शेवटी हप्ता ३,००० ने वाढवायचा आणि मोडलेल्या मुदतठेवीतले एक लाख भरायचे, असं ठरलं. पट ५.८७, महिने २२५, शेवटचा हप्ता जानेवारी २०४२. दुसऱ्या आठवड्यात शाखेत अर्ज देताना त्याने हा आकडा अर्जातच लिहिला, आणि नवीन वेळापत्रक हातात आल्यावर पहिल्यांदा शेवटच्या ओळीची तारीख पाहिली.